पोच

विमान कंपनीच्या चॅटच्या खात्यात आवाज नसतो. फोनच्या खात्यात दिवसभर गलका असायचा, शंभर माणसं शंभर सुरांत 'आपली काय मदत करू' म्हणत असायची. इथं मात्र निळ्या पडद्यांमागून दुपार आत येते, टेबलांवर लांबट होऊन पडते, आणि कळफलकांचा आवाज तेवढा येत राहतो, सुपात कोणी धान्य पाखडत बसल्यासारखा. माणसं भांडतात, रडतात, विनवण्या करतात, पण सगळं मुक्यानं.

धाकटीला इथं येऊन सहा महिने झाले होते. तिचं खरं नाव दुसरंच. पण एकाच नावाच्या दोघी शेजारी शेजारी बसल्या, तेव्हा एकीला थोरली आणि एकीला धाकटी म्हटल्याशिवाय कोणाचं चालेना. थोरली बत्तीसची, धाकटी एकतीसची. एका वर्षाच्या जोरावर थोरली तिला रोज शहाणपण शिकवी.

प्रत्येकीच्या संगणकाच्या पडद्यावर एका वेळी तीन खिडक्या उघड्या असत. तीन खिडक्या, तीन प्रवासी. एकाला सामानाचं वजन विचारायचं असे, एकाला नावातली चूक दुरुस्त करून हवी असे, आणि तिसरा नुसता रागावलेला असे. तिघांना उत्तरं द्यायची आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला जाऊ द्यायचं नाही, एवढीच त्यातली तपश्चर्या.

शनिवारची दुपार. तीन वाजायला आले होते. मधली खिडकी रिकामी झाली आणि लगेच तिच्यात नवा प्रवासी येऊन बसला.

"सविनय नमस्कार," त्यानं लिहिलं. "मी यापूर्वी चार वेळा आपल्या सेवेशी आलो होतो."

मग काहीच नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. खाली 'लिहीत आहेत' असंही दिसेना.

धाकटीनं नेहमीप्रमाणे त्याचा बुकिंग नंबर मागितला. तो मात्र झटकन आला, सहाच्या सहा अक्षरं बरोबर. तिनं बुकिंग उघडलं. जाण्याचं एकच तिकीट, येत्या गुरुवारचं, प्रवाशाचं वय अडुसष्ट. खाली आधीच्या सहायकांनी लिहून ठेवलेले रिमार्क होते, एकाखाली एक:

'प्रवाशाला तारीख बदलायची आहे. चेंज फी आणि भाड्यातला फरक सांगितला. उत्तर नाही. चॅट बंद.'

'फी माफ होईल का विचारतात. कारण विचारलं. उत्तर नाही. चॅट बंद.'

'बहिणीचं ऑपरेशन. हॉस्पिटलचं पत्र जोडलं. वैद्यकीय वेव्हर (फी माफी) मागितला. नामंजूर: बहीण यादीत नाही.'

'पुन्हा तेच. उत्तर नाही. चॅट बंद.'

"हे बघ," तिनं थोरलीला खुणावलं. "चारदा आलाय बिचारा. आणि तीनदा गप्प बसून निघून गेलाय."

"झोप लागत असेल," थोरली पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "माझ्या सासऱ्यांना टीव्हीसमोर लागते तशी."

नियम असा होता, की आठ मिनिटं प्रवाशाकडून शब्द आला नाही तर खिडकी आपोआप मिटायची. मग तो पुन्हा आला की दुसऱ्याच कोणाच्या पुढ्यात जाऊन पडायचा आणि सगळं पहिल्यापासून. धाकटीनं कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं झाली होती. सहा. सात व्हायच्या बेतात तिनं घाईघाईनं लिहिलं, "काका, आहात ना? एक अक्षर तरी लिहा, नाहीतर हे बंद होईल."

"आहे," लगेच आलं. "अर्जाचा कच्चा मसुदा कागदावर करत आहे. पक्का झाला की आपल्याला उतरवून पाठवतो. कृपया वाट पाहावी."

धाकटी खुर्चीत मागे रेलली आणि मनापासून हसली.

एकेक करत सगळं बाहेर आलं. काका अर्जनवीस होते. कचेरीबाहेर छपराखाली एक टेबल, एक टाइपरायटर आणि समोर अर्जदारासाठी स्टूल, असा त्यांचा संसार. पंचेचाळीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज लिहिले. दंड माफ व्हावा, मुदत वाढून मिळावी, नळ जोडून मिळावा, बदली रद्द व्हावी. कच्चा मसुदा केल्याशिवाय पक्का कागद यंत्रात घालायचा नाही, हा त्यांचा नेम. आणि इथं बहुतेक वेळा मसुदा पुरा होऊन ते वर बघत, तो खिडकी मिटलेली. जगभराला माफ्या मिळवून देणारा माणूस, स्वतःची एक फी माफ करून घ्यायला बसला तर अर्ज पुढ्यात ठेवायच्या आधीच कचेरी बंद!

"काका, मसुदा करा खुशाल," धाकटीनं लिहिलं. "फक्त मधून मधून एक टिंब टाकत जा. मी जागेवरून उठत नाही."

मग टिंबं येऊ लागली. दोन मिनिटांनी एक, की पुन्हा दोन मिनिटांनी एक. डावीकडच्या खिडकीत कोणी सुटकेसच्या चाकाबद्दल तक्रार करत होतं, उजवीकडे कोणाला खिडकीजवळची जागा हवी होती, आणि मधल्या खिडकीत शांतपणे टिंब पडत होतं. धाकटीला वाटलं, कुठंतरी एका खोलीत पंखा फिरतोय, कागदावर पेन फिरतंय, आणि तो म्हातारा माणूस मधेच हात लांब करून एक टिंब ठेवतोय. टाळ धरणारा गाणाऱ्याकडे न बघताही ठेका सोडत नाही, तसा.

अर्ज आला. तो एवढा लांब होता की पडदा तीनदा सरकवावा लागला. पण धाकटीनं तो सगळा वाचला. बाकीच्या दोन खिडक्यांना "एक क्षण" सांगून वाचला.

त्यात होतं ते असं. काकांची मोठी बहीण दुसऱ्या गावी राहते. घशाच्या आजारामुळे डॉक्टर तिचं स्वरयंत्रच काढून टाकणार आहेत. ऑपरेशन आधी शुक्रवारी होतं, म्हणून काकांनी गुरुवारचं तिकीट काढलं. आता हॉस्पिटलनं ते बुधवारवर आणलं. मंगळवारी सकाळी ती भरती होणार, तपासण्या चालणार, कोणाला फारसं भेटू देणार नाहीत. म्हणजे सोमवारची संध्याकाळ काय ती तिच्याजवळ आहे. बुधवारनंतर ती जगेल, देवाच्या कृपेनं पुष्कळ जगेल, पण बोलेल ती यंत्राच्या किंवा पाटीच्या मदतीनं. तिचा म्हणून जो आवाज आहे, तो संपेल.

'मला ऐकू कमी येते,' काकांनी लिहिलं होतं. 'फोनवर तर कोणाचाही आवाज पत्र्यासारखा वाजतो. समोर गुडघ्याला गुडघा लावून बसले तरच मला माझ्या ताईचा आवाज ताईचा म्हणून कळतो. आमची आई मी तीन वर्षांचा असताना गेली. ताई अकराची. तिने मला अक्षरे गाऊन शिकवली. पहाटे ती देवाचे गाते तेव्हा ऐकणाऱ्याला झोपेत आणि जागेपणात फरक कळत नाही. तो आवाज एकदा कानात भरून घ्यावा, एवढीच या अर्जदाराची प्रार्थना आहे. बदलाची फी आणि वाढीव भाडे दोन्ही मिळून मला झेपत नाही. वाढीव भाडे कसेही करून भरीन. फी तेवढी माफ व्हावी.'

धाकटीनं शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या. कळफलकांचं पाखडणं लांब गेल्यासारखं वाटलं.

"काय गं, कोणी मेलं का?" थोरलीनं विचारलं.

"नाही. गाणं जाणार आहे कोणाचंतरी."

थोरलीनं मान वाकडी करून वाचलं, वाचता वाचता तिचं तोंड बंद झालं, आणि हे वर्षातून एखाद वेळा घडे.

"पण बहीण यादीत नाही," ती शेवटी म्हणाली. "नवरा-बायको, आई-वडील, मुलं. भावंडांचं फक्त मृत्यूला धरतात. अगं, 'आई' लिहून टाक ना. आईसारखीच आहे ती."

धाकटीची बोटं कळफलकावर थबकली. सोपं होतं. तीन अक्षरांच्या जागी दोन. पण हॉस्पिटलचं पत्र आधीच जोडलेलं होतं, त्यात 'नातेवाईक: भाऊ' असं साफ लिहिलं होतं. आणि ते नसतं तरी काय? आवाज ऐकायला निघालेल्या माणसाच्या हातात खोटं तिकीट द्यायचं? "नको," ती म्हणाली. "आणि एका कारणावर नामंजूर झालं की तेच कारण पुन्हा चालत नाही. दुसरं काहीतरी खरंच असलं पाहिजे."

तिनं बुकिंगचा इतिहास उघडला. इतिहास म्हणजे तिकिटाची कुंडली; कोणी कधी काय केलं ते मिनिटासकट. खाली खाली जाताना तिला ती ओळ दिसली. तीन आठवड्यांपूर्वी कंपनीनंच गुरुवारच्या विमानाची वेळ बदलली होती. संध्याकाळी सात वीसला उतरणारं विमान आता रात्री दहा चाळीसला उतरणार होतं. तीन तास वीस मिनिटं.

ती खुर्चीत पुढे सरकली. कारण कंपनी दोन तासांहून जास्त वेळ बदलते, तेव्हा प्रवाशाला आपलं तिकीट एकदा फुकट बदलून घेता येतं, तीन दिवस आधी किंवा तीन दिवस नंतर. ना फी, ना फरक. आणि सोमवार हा गुरुवारच्या बरोबर तीन दिवस आधीचा.

मग पुढची ओळ दिसली आणि ती पुन्हा मागे टेकली. 'प्रवाशाने नवीन वेळ स्वीकारली.' मेल गेल्यापासून अकराव्या मिनिटाला. एकदा स्वीकारली की हक्क संपला. मग तिकीट इतर चार तिकिटांसारखंच.

"काका," तिनं लिहिलं, "वेळ बदलल्याचा मेल आला होता ना? तुम्ही हिरवं 'स्वीकार' बटण दाबलंत का?"

"अर्थात दाबले," उत्तर आलं. "पत्र आले की पोच द्यावी. नाहीतर पाठवणाऱ्याला कसे कळणार की मिळाले? आमच्या कचेरीत कागद स्वीकारला म्हणजे शिक्का मारून पोच दिली. आत काय लिहिले आहे ते मान्य केले असा अर्थ नव्हे."

धाकटी वाचून डोळे मिटून बसली. बाकी कोणत्याही प्रवाशानं तो मेल वाचलाही नसता. पडून राहिला असता आणि आज हक्क शाबूत असता. हा एक भला माणूस, अकराव्या मिनिटाला अदबीनं पोच देऊन मोकळा झाला.

"आणि दहा चाळीसला उतरून पुढं कसे जाणार होतात?"

"पुढे बस आहे. शेवटची नऊची." मग एक टिंब. मग, "अरे देवा. ते माझ्या ध्यानातच आले नाही."

धाकटीनं वेव्हरच्या मागणीची चौकट उघडली. या मागण्या वरच्या मजल्यावर जात. तिथं कोण बसतं, बाई की बुवा, कोणाला माहीत नव्हतं. सगळे नुसतं 'वरचा मजला' म्हणत. चौकटीत अडीचशे अक्षरं मावायची, मोकळ्या जागा धरून. त्याहून एक जास्त झालं की कळफलक ऐकायचा नाही.

एव्हाना मास्तर तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. मास्तर म्हणजे त्यांचे सुपरवायझर. पूर्वी खरोखर शाळेत होते म्हणे, आणि अजून कोणाच्या खुर्चीमागे उभे राहिले की उत्तरपत्रिका तपासल्यासारखं वाटे.

"एक्कावन्न मिनिटं झाली एका चॅटला," ते म्हणाले. "कादंबरी लिहिते आहेस?"

"वेव्हर मागतेय मास्तर."

"मग माग. काय झालं, काय हवं, आणि तो माणूस स्वतः काय द्यायला तयार आहे. वरच्याला एवढंच दिसतं. 'अत्यंत', 'कृपया', 'दयाळूपणे' ही सगळी जागा खाणारी मंडळी. रडं नको. तारखा हव्यात, आकडे हवेत. आणि कोणतं विमान हवं, त्यात जागा आहे का, ते लिही. नाहीतर ते विचारायला परत पाठवतात आणि तासभर जातो."

धाकटीनं लिहिलं:

'विमान कंपनीने गुरुवारच्या विमानाची वेळ ३ तास २० मिनिटांनी पुढे ढकलली. नवीन वेळेमुळे शेवटची बस चुकते. प्रवाशाने मेलची पोच समजून स्वीकार दाबले. सोमवारी सकाळच्या विमानात जागा आहे. एकदा बदलाची फी माफ करावी. भाड्यातला फरक प्रवासी भरेल.'

अक्षरं जेमतेम बसली. आधी 'फरकही माफ करावा' असं तिच्या मनात आलं होतं, पण मास्तरांनी बोट हलवलं. "त्यानं स्वीकारलंय ना? मग सगळं मागशील तर काहीच देणार नाहीत. तो भरतो म्हणतोय, तर भरतो म्हण."

तिनं काकांना ते उतरवून पाठवलं. खरं तर तसं करायची गरज नव्हती. पण ज्यानं पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज वाचून दाखवून मग सही घेतली, त्याचा अर्ज त्याला न दाखवता पाठवणं तिच्यानं होईना.

बराच वेळ नुसतं टिंब.

"चोख आहे," शेवटी आलं. "पण ताई कुठे आहे?"

"काका, ताईचं कारण एकदा नाकारलंय. तो शब्द दिसला की पुन्हा नाही म्हणायची भीती आहे. यात एक अक्षर खोटं नाही."

"खोटे नाही. पण मी बससाठी चाललो नाही. अर्जदार ज्यासाठी दारात उभा आहे ते अर्जात नसले, तर तो अर्ज दुसऱ्याच कोणाचा होतो. माझ्या स्टुलावर बसून कित्येक जण म्हणाले, एवढे गाळा, काम होईल. मी गाळले नाही. माझी कामे झाली, कधी झालीही नाहीत. पण आता ताईच्याच कामात तिला गाळू?"

मास्तर अजून मागेच उभे होते. त्यांनी खांद्यावरून वाचलं. "आजोबा हट्टी आहेत," ते म्हणाले. "बहीण लिहिलीस तर परत येईल. सांगून ठेवतो."

"नको लिहू का?"

"पाठवणाऱ्याचं नाव तुझं आहे," असं म्हणून मास्तर पुढच्या खुर्चीमागे गेले.

"काका," तिनं लिहिलं, "जागाच नाही. अडीचशे अक्षरं भरली."

"जागा करता येते. हे माझे काम आहे," काकांनी लिहिलं, आणि पहिल्यांदाच धाकटीला त्या मुक्या अक्षरांतून एक तरतरी जाणवली, म्हातारा बाह्या सरसावून बसल्यासारखी. "'विमान कंपनीने' काढा. वाचणारा कंपनीचाच आहे, त्याला 'आपण' म्हणा; आपण म्हटले की माणसाला जबाबदारी आठवते. मिनिटांचे मि. करा. 'नवीन वेळेमुळे' काढा, ते उघड आहे. 'एकदा' काढा, दुसऱ्यांदा कोण मागतो? आता बघा."

आणि त्यांनी पाठवलं:

'गुरुवारच्या विमानाची वेळ आपण ३ तास २० मि. पुढे ढकलली, शेवटची बस चुकते. प्रवाशाने मेलची पोच समजून स्वीकार दाबले. बुधवारी बहिणीचे ऑपरेशन. सोमवारी सकाळच्या विमानात जागा आहे. बदलाची फी माफ करावी. भाड्यातला फरक प्रवासी भरेल.'

ताई बरोबर मधोमध बसली होती आणि वर थोडी जागा उरली होती. धाकटीनं मनातल्या मनात हात जोडले आणि मागणी वर पाठवली.

मग वाट बघणं आलं. वरच्या मजल्यावरून उत्तर यायला कधी दहा मिनिटं लागत, कधी चाळीस. सुटकेसवाल्याला तिनं तक्रारीचा नंबर दिला. खिडकीजवळची जागा हवी असलेल्याला खिडकी मिळाली आणि तो "देव भलं करो" म्हणून गेला. पडद्यांमागचं ऊन पिवळं झालं. सोमवारच्या सकाळच्या विमानात त्या भाड्याच्या चार जागा दिसत होत्या. तिनं पुन्हा पाहिलं, तर तीन.

काका मधूनच एक टिंब टाकत होते. आता मसुदा नव्हता, काही नव्हतं. नुसतं आहे म्हणून सांगणं. धाकटीही उलट एक टिंब टाकू लागली. दोन माणसं, दोन गावी, एकमेकांना न पाहिलेली, काही न बोलता एका दारापुढे उभी होती, आणि दार कधी उघडेल ते दोघांनाही माहीत नव्हतं. नामस्मरणात एक वेळ अशी येते म्हणतात, की नाव कोण घेतंय आणि ऐकतंय कोण, याचा पत्ता राहत नाही. तसलंच काहीतरी ते होतं.

"ए, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" थोरली कुजबुजली. "टिंबं काय पाठवतेस प्रवाशाला?"

"अगं, आम्ही बोलतोय."

वरून उत्तर आलं. 'बहिणीचे कारण आधी नामंजूर. हा अर्ज कोणत्या कारणावर?'

मास्तरांनी सांगितलं तसंच झालं होतं. जागा दोन उरल्या होत्या. धाकटीच्या मनात आलं, काकांना विचारावं. पण नाही. हे उत्तर तिचं होतं. तिनं लिहिलं, 'वेळबदलाच्या. स्वीकार चुकून झाला. बहिणीसाठी सोमवारी जायचे आहे, म्हणून लपवले नाही.'

पाठवल्यावर तिला वाटलं, शेवटचे शब्द नको होते. मास्तर म्हणाले असते, जागा खाणारी मंडळी.

अर्धं मिनिट सहा महिने मावतील इतकं लांबलं. एकच जागा उरली.

'पोच समजून स्वीकार: मान्य. बदलाची फी माफ. भाड्यातला फरक घ्यावा. आजच बदलावे.' आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत, जणू लिहिणाऱ्यानं जाता जाता मागे वळून म्हटलं असावं: 'लवकर करा, एकच जागा दिसते.'

वरच्या मजल्यावर माणूस बसतो, हे धाकटीला त्या दिवशी कळलं.

तिनं ती जागा धरली, नवं भाडं काढलं, आणि पैसे भरायची लिंक पाठवली. लिंक पंधरा मिनिटं जिवंत राहायची. "काका, फी माफ झाली. फरक तेवढा भरा. कार्डाचा नंबर मला लिहू नका, लिंक उघडून तिथंच भरा."

"परमेश्वर आपले कल्याण करो," काकांनी लिहिलं. "पैसे सौभाग्यवती भरत आहेत. यंत्राच्या बाबतीत तिचा माझ्यावर विश्वास नाही."

मग अक्षरांची चाल एकदम बदलली. "मी त्यांची बायको बोलतेय. फोनवर सहा आकडे आलेत ते तुला सांगू का"

"नाही काकू! ते कोणालाच सांगायचे नाहीत, मलासुद्धा नाही. लिंकवर रिकामी चौकट आहे बघा, तिथं घाला."

"बरं झालं बोललीस. हे तर तुला अर्ज करून सांगणार होते"

पाच मिनिटं. सात. धाकटी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत होती, थोरली धाकटीकडे. नवव्या मिनिटाला पैसे जमा झाल्याची ओळ हिरवी झाली. धाकटीनं तिकीट नव्यानं काढलं, तेरा आकड्यांचा नवा नंबर पुन्हा तपासला, तारीख तपासली, सोमवार, सकाळ, आणि ते मेलवर पाठवलं.

"काका, नवं तिकीट पाठवलंय. या वेळी मेलमधलं कोणतंही बटण दाबू नका."

"मग मिळाल्याचे कसे कळवू?"

"इथंच सांगा. मी आहे."

"मिळाले," आलं. आणि खाली, "पोच दिली."

सोमवारी धाकटीची पाळी दुपारचीच होती. माफी दिलेल्या प्रत्येक तिकिटाची नोंद प्रवास झाल्यावर उघडून बंद करावी लागे; नाहीतर महिनाअखेर मास्तर यादी घेऊन फिरत. तिच्या कामांत ती एक नोंद वाट बघत होती. तिनं बुकिंग उघडलं. तिकिटापुढची खूण बदलली होती: 'प्रवास पूर्ण.' विमान एक वाजून दहा मिनिटांनी उतरलं होतं, वेळेवर. पुढे काकांनी सांगितलेली दोनची बस, मग पावणेदोन तास.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच झाले होते.

म्हणजे आत्ता. पोचून थोडा वेळ झाला असेल. पिशवी दाराशी ठेवली असेल. दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या असतील, किंवा खुर्च्या नसतीलच, ती दोघं जमिनीवरच बसली असतील. काय बोलत असेल ती? घरच्यांची चौकशी, की बसला किती गर्दी होती ते? की काही न बोलता आधी गाणंच? धाकटीला तो आवाज कसा असेल ते ठरवता येईना, आणि ठरवायची इच्छाही होईना. तो ज्याच्यासाठी होता त्याच्या कानात आत्ता पडत होता. जगात कुठंतरी एक गोष्ट वेळेवर चालली होती, आणि या खोलीतल्या शांततेला तिचा कसलाही अडथळा नव्हता.

"ती नोंद बंद झाली का?" पलीकडून मास्तरांनी विचारलं.

"करते," धाकटी म्हणाली. "अजून चालू आहे."

मास्तर तिच्या खुर्चीमागे आले. मग त्यांनी तिच्या पडद्यावरची ती खूण वाचली, भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं, आणि बोटं पाठीमागे गुंफून निळ्या पडद्यांपाशी जाऊन उभे राहिले.